ओट्यापासून सात पावलं: घरून काम करताना येता-जाता खाणं कसं आवरायचं

माझ्या टेबलापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत सात पावलं आहेत. पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये याहून लांब टेबल लावायचं तर जिन्यातच लावावं लागेल. ऑफिसला जात होते तेव्हा अकराला आणि साडेचारला असं दोनदा खाली टपरीवर जाणं व्हायचं. लिफ्टची वाट बघायची, कोणीतरी सोबत लागायचं, सुटे पैसे शोधायचे. एवढ्या खटपटीमुळे तिसऱ्यांदा कोणी जात नसे. घरी ही खटपटच उरली नाही. हात लांब केला की डबा, डबा उघडला की चिवडा.

आपल्याकडे याला ‘मधल्या वेळचं खाणं’ म्हणतात आणि त्या शब्दात वेळ एकच आहे. घरून काम सुरू झालं आणि माझा अख्खा दिवसच मधली वेळ होऊन बसला. ती वेळ पुन्हा दिवसातल्या एक-दोन जागी बांधून ठेवायची, एवढंच काम या लेखात आहे. वजन उतरवण्याचा हा कार्यक्रम नाही आणि फरसाण सोडा असंही मी सांगणार नाही. ते मला जमलेलं नाही.

आधी तीन दिवस नुसतं लिहा

पहिल्या दिवसापासून बंद करायला जाऊ नका. आपण नेमकं काय करतो हे आपल्याला माहीत नसतं. मला कोणी विचारलं असतं तर मी ‘चार-पाच वेळा उठते’ असं बेधडक सांगितलं असतं. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा, शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधा. मोबाईलमध्ये नोंद करू नका, कारण मोबाईल टेबलावर राहतो आणि हात डब्यात असतो. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजले, उठण्याआधी काय करत होते, तोंडात काय टाकलं, आणि उभ्याने की बसून. काहीच खाल्लं नाही तरी फेरी लिहायची. कामाचे सलग तीन दिवस पुरतात. रविवार घेऊ नका, रविवार वेगळा असतो.

माझा एक मंगळवार असा होता:

- १०:०५ पाणी आणायला गेले. येताना मूठभर फरसाण.
- १०:५० चहा. दोन खारी बसून, चहा उकळेपर्यंत चिवडा उभ्याने.
- ११:४० पाणी. काही नाही.
- १२:२५ कुकर बंद करायला. शेंगदाणे आणि गुळाचा खडा.
- १:१० जेवण गरम करायला. मायक्रोवेव्ह फिरेपर्यंत फरसाण.
- २:३० जेवणानंतर अर्धा बेसनलाडू.
- २:५० उरलेला अर्धा.
- ३:३५ पाणी. चिवडा.
- ४:१५ चहा. चार बिस्किटं, उकळेपर्यंत फरसाण.
- ५:२० लांबलेला कॉल संपला. फरसाण.
- ६:०५ पाणी. काही नाही.

अकरा फेऱ्या. कागद बघून मला पहिल्यांदा हसू आलं ते त्या अर्ध्या लाडवाचं. अर्धाच घेतला या समाधानात वीस मिनिटं गेली आणि मग डब्यात उरलेला अर्धा एकटा कसा ठेवायचा म्हणून तोही खाल्ला. पण कामाची गोष्ट वेगळीच निघाली. अकरापैकी चार फेऱ्या पाण्याच्या होत्या. तीन मुठी गॅसपाशी किंवा मायक्रोवेव्हपाशी वाट बघताना गेल्या होत्या. आणि फरसाणाची प्रत्येक मूठ उभ्याने होती, एकही बसून नव्हती.

मग मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. माझी फरसाणाची मूठ साधारण २५ ग्रॅमची भरली. चार मुठी म्हणजे १०० ग्रॅम. तळलेल्या शेव-फरसाणात १०० ग्रॅमला सुमारे ५०० ते ५५० किलोकॅलरी असतात. घरची मध्यम पोळी तेलासकट ११०-१२० धरली तर ही साडेचार पोळ्यांची बरोबरी झाली. साडेचार पोळ्या जेवले असते तर उठताना पोट भरल्याचं कळलं असतं. इथे काही कळलं नव्हतं. आमच्या घरी अर्धा किलोचं पाकीट पाच दिवसांत का संपतं, याचं उत्तर मात्र मिळालं. तोवर माझा संशय नवऱ्यावर होता.

कॅलऱ्यांचा हिशेब एवढाच, एकदाच करा. रोज मोजत बसलात तर आठवड्यात कागद फाडून टाकाल. रोज मोजायची ती फेरी आणि उभ्याने टाकलेली मूठ.

प्रत्येक फेरीला एक खूण

तीन दिवसांचा कागद घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहा: भूक, चहा, काम किंवा डोळे. ‘काम’ म्हणजे कामात काहीतरी अडलं, कंटाळा आला किंवा एखादी गोष्ट संपली म्हणून उठणं. ‘डोळे’ म्हणजे दुसऱ्याच कारणाने गेलात आणि समोर दिसलं म्हणून खाल्लं.

भूक ओळखायची एक घरगुती परीक्षा आहे. स्वतःला विचारा, आत्ता सकाळची गार पोळी आणि भाजी खाईन का? हो म्हणालात तर ती भूक आहे, खुशाल बसा आणि पोळी-भाजी खा. ‘नको, पण चिवडा चालेल’ असं उत्तर आलं तर ती भूक नाही. माझ्या अकरा फेऱ्यांपैकी या परीक्षेत फक्त बारा पंचवीसची पास झाली. तेव्हा मला खरंच भूक लागली होती, कारण सकाळी मी चहाबरोबर दोन मारी खाऊन थेट लॉगइन केलं होतं.

पुढचा इलाज या खुणांवर ठरतो. तुमच्या कागदावर ‘भूक’ जास्त असेल तर डबे लपवून उपयोग नाही, आधी जेवण सुधारायला हवं. ‘डोळे’ जास्त असतील तर मांडणी बदलायची. बहुतेकांच्या कागदावर दोन्हींची सरमिसळ असते, म्हणून मी दोन्ही सांगते, पण क्रम तुमचा तुम्ही ठरवा.

खरी भूक असेल तर: न्याहारी आणि दुपारचं जेवण

ऑफिसला जाताना नऊच्या आत काहीतरी खाऊन निघावं लागायचं. घरी नऊ अठ्ठावीसला उठूनही साडेनऊच्या मीटिंगला हजर राहता येतं, आणि पहिला बळी न्याहारीचा जातो. नुसते पोहे, उपमा किंवा चहा-पोळी खाल्ली तर अकरा-साडेअकराला पोट पुन्हा हाक मारतं, कारण त्यात प्रथिनं फार नसतात आणि पोट लवकर रिकामं होतं. पोहे सोडायची गरज नाही. पोहे थोडे कमी घ्या आणि सोबत काहीतरी जड ठेवा: वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी, किंवा थालीपीठ असेल तर त्याच्याबरोबर मोठी वाटी दही. दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम प्रथिनं असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. दोन अंड्यांत त्यातला जवळजवळ पाव भाग न्याहारीतच उरकतो. मला उसळीने सगळ्यात जास्त फरक पडला. मटकी रविवारी आणि बुधवारी भिजत घालते, मोड काढून फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी दहा मिनिटांत फोडणी देते.

दुपारच्या जेवणाची गोष्ट वेगळी आहे. काय खाल्लं याइतकंच कुठे खाल्लं तेही महत्त्वाचं. मी लॅपटॉपसमोर जेवत होते. एका हातात घास, दुसऱ्या हाताने मेल. २०११ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही जणांना कॉम्प्युटरवर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत जेवायला लावलं आणि काही जणांना नुसतंच जेवायला दिलं. अर्ध्या तासाने दोघांपुढे बिस्किटं ठेवली. खेळत जेवलेल्यांनी जास्त बिस्किटं खाल्ली. शिवाय जेवणातले पदार्थ कोणत्या क्रमाने खाल्ले हेही त्यांना नीट आठवेना. जेवण लक्षात राहिलं नाही तर त्यानंतर आवर घालायलाही ते कामाला येत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. माझा अडीचचा लाडू याच जातीचा होता. जेवून तास झाला होता, पण जेवल्यासारखं वाटत नव्हतं.

म्हणून लॅपटॉपचं झाकण बंद करायचं आणि दुसऱ्या जागी बसून जेवायचं. वीस मिनिटं. डायनिंग टेबलावरच काम करत असाल, आणि अनेकांच्या घरी दुसरी जागा नसतेच, तर निदान लॅपटॉप उचलून पलंगावर ठेवा आणि समोरच्या खुर्चीत बसा. कॅलेंडरमध्ये एक ते दीड ही वेळ ‘बिझी’ म्हणून अडवून ठेवा, नाहीतर नेमकी तेव्हाच कोणाची तरी मीटिंग येऊन पडते. गोड खायचं असेल तर ते जेवणाच्या पानातच वाढून घ्या. तोच लाडू, पण पानातला लाडू जेवणाचा भाग होतो आणि डब्यातला लाडू नवीन सुरुवात.

चहा उकळेपर्यंतची सहा मिनिटं

चहाला उगाच बदनाम करू नका. चहात साखर जाते ते खरं, दोन चमचे घेत असाल आणि चार कप होत असतील तर दिवसाला सुमारे ४० ग्रॅम. पण माझ्या कागदावर चहापेक्षा त्याच्या आगेमागे येणारं खाणं जास्त होतं. चहाबरोबर बिस्किट किंवा खारी, आणि चहा तयार होईपर्यंत मूठ. आधण ठेवलं की पाच-सहा मिनिटं माणूस ओट्यापाशी नुसता उभा असतो. दूध उतू जाईल म्हणून हलता येत नाही, हात मोकळे असतात आणि समोर डबे असतात. याहून वाईट जागा घरात नाही.

मी खूप उपाय करून पाहिले. थर्मास भरून ठेवला, पण दुधाचा चहा दोन-तीन तासांनी चवीला उतरतो आणि मग ‘ताजा करू’ म्हणून पुन्हा ओट्यापाशी. गवती चहा घातलेला कोरा चहा मात्र थर्मासमध्ये चांगला राहतो. तो आवडत असेल तर सकाळी एकदाच करा आणि थर्मास टेबलावर न्या. मला दुधाचाच लागतो. शेवटी उपयोगी पडली ती गोष्ट अगदी साधी निघाली. आधण ठेवलं की मी सिंकमधले कप आणि वाट्या विसळायला घेते. ओल्या हाताने कोणी चिवड्याच्या डब्यात हात घालत नाही, आणि घातला तर सासूबाईंचा आवाज येतो. मायक्रोवेव्ह फिरत असतानाही हेच. भांडी नसतील तर मटकी धुवा, कोथिंबीर निवडा, काहीही करा, फक्त हात ओले हवेत.

दुसरं म्हणजे कपांची संख्या. दोन चहा मधल्या वेळच्या दोन ठिकाणांना बांधून टाका, त्याबद्दल पुढे लिहिते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. घरून काम करणाऱ्या बायकांपैकी ज्यांचं हिमोग्लोबिन कमी असतं त्यांनी हे मनावर घ्यायलाच हवं. जेवणानंतर लगेचचा चहा गेला की त्याच्याबरोबरचं बिस्किटही आपोआप जातं.

डबे कुठे ठेवायचे

पाण्याच्या चार फेऱ्या आठवतात? त्यांतल्या दोनदा मी खाऊन आले होते. आता सकाळी काम सुरू करताना दीड लिटरची बाटली भरून टेबलावर ठेवते. त्या फेऱ्या गेल्या. उठायचं निमित्त गेलं, ही तक्रार खरी आहे आणि तासातासाला उठायला तर हवंच, पण उठून गॅलरीत जा, स्वयंपाकघरात नको.

मग मांडणी. माझं फरसाण काचेच्या बरणीत होतं, ओट्याच्या वरच्याच फळीवर, फ्रिजला जाताना डोळ्यांसमोर येईल असं. काचेच्या बरण्या दिसायला छान असतात, त्यात डाळी ठेवा. तळलेलं आणि गोड सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा पत्र्याच्या डब्यात गेलं पाहिजे आणि डबा असा ठेवला पाहिजे की काढायला स्टूल लागेल. कुलूप लावायचं नाही. फक्त ती टपरीची खटपट थोडी परत आणायची. स्टूल ओढताना फरशीवर जो आवाज होतो, तो माझ्यासाठी पुरेसा असतो. त्या आवाजाला आमच्या घरात ‘कोण आहे?’ अशी हाक येतेच.

दर रविवारी मी पाव किलो फरसाण घेऊन २५-२५ ग्रॅमच्या दहा छोट्या डब्या भरत असे. हे सगळीकडे सांगितलं जातं म्हणून करून पाहिलं. दोन आठवड्यांनी सोडून दिलं. एक डबी संपली की दुसरी उघडायला काहीच लागत नाही, आणि दहा डब्या धुवायला मात्र लागतात. त्याऐवजी एक ठरलेली वाटी ठेवा. आमच्याकडे आमरसाच्या जुन्या सेटमधली एक लहान वाटी आहे, तिच्यात शीग न लावता बरोबर २५ ग्रॅम मावतं. एकदा वजन करून बघा आणि मग वजनकाटा आत ठेवून द्या. नियम दोनच. खाणं वाटीतूनच, आणि बसण्याआधी डबा झाकण लावून परत वर. हा दुसरा नियम मोडला की पहिला पाच मिनिटांत मोडतो, कारण डबा ओट्यावर उघडा राहिला तर वाटी पुन्हा भरली जाते.

घरात शाळेची मुलं असतील तर सगळंच माळ्यावर टाकता येत नाही, त्यांचे डबे भरायचे असतात. तेव्हा मुलांचा खाऊ एका वेगळ्या डब्यात, त्यांच्या नावाने. आपल्याच मुलाच्या नावाचा डबा उघडताना हात थोडा अडखळतो. नेहमी अडखळतो असं मात्र नाही.

मधली वेळ बांधणं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि आधीच्या सगळ्या तिच्यासाठी जागा करून देतात. नुसतं बंद करून चालत नाही. सकाळी न्याहारीपासून जेवणापर्यंत चार तास आणि जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सात-आठ तास जातात. दुपारच्या सात-आठ तासांत काहीच न खाता राहणं बहुतेकांना जमत नाही आणि जमवायचं कारणही नाही. मी अकराला फक्त चहा आणि एखादं फळ ठेवलं. साडेचारला बसून, ताटलीत, खरं खाणं.

काय खायचं हे आदल्या रात्री ठरवायचं. साडेचारला ठरवायला गेलात तर चिवडाच जिंकतो. माझा आठवडा साधारण असा असतो: दोन दिवस भाजलेले चणे आणि पेरू किंवा केळं, एक दिवस उकडलेल्या शेंगा, एक दिवस काकडी-टोमॅटो घातलेली वाटीभर भडंग, आणि एक दिवस ती फरसाणाची वाटी. फरसाण यादीत आहे, आणि ते मुद्दाम आहे. ‘कधीच नाही’ म्हटलं की ते दिवसभर डोक्यात राहतं. ‘शुक्रवारी’ म्हटलं की मंगळवारी गप्प बसतं. चण्यांचं एक सांगते, सवय नसेल तर पहिल्याच दिवशी दोन मुठी खाऊ नका, संध्याकाळभर गॅसने हैराण व्हाल.

बसायची जागा कामाच्या टेबलापासून वेगळी हवी. पंधरा मिनिटं पुरतात. टेबलावर आणून खाल्लं तर पुन्हा तेच होतं: वाटी संपल्याचं बोटांना कळतं, तोंडाला नाही.

इथे घरच्यांचा प्रश्न येतो. सासूबाई तीनदा काहीतरी आणून लॅपटॉपशेजारी ठेवायच्या. धिरडं, चिरलेलं सफरचंद, कधी नुसतेच शेंगदाणे. नको म्हटलं की त्यांना वाटायचं मी रागावले आहे. एकदा म्हणाले, “आई, असं अधूनमधून नको, साडेचारला आपण दोघी बसून खाऊ या का?” त्या म्हणाल्या, “मग तुझ्या त्या मीटिंगा?” म्हटलं, “साडेचारला नाही ठेवणार.” त्यानंतर दुपारचा डबा माझ्यापेक्षा त्याच सांभाळतात. चार पंचवीसला ताटल्या मांडलेल्या असतात आणि मी उशीर केला तर मला ऐकून घ्यावं लागतं. नको म्हणण्यापेक्षा वेळ सांगणं जास्त लागू पडलं.

कॉल संपल्यावर काय करायचं

‘काम’ खुणेच्या फेऱ्यांचा इलाज स्वयंपाकघरात नाही. माझी पाच वीसची मूठ फरसाणासाठी नव्हतीच, तासाभराच्या कॉलनंतर खुर्चीतून उठायला निमित्त हवं होतं. उठणं बरोबर होतं, फक्त दिशा चुकली. अशा वेळी तेवढ्याच लांबीचं दुसरं काहीतरी हाताशी ठेवा. माझ्यासाठी ते दोरीवरचे कपडे काढणं आहे. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालणंही चालतं. तीन मिनिटांचं काम हवं आणि त्याला शेवट हवा.

काम अडलं म्हणून उठत असाल, तर उठण्याआधी कागदावर पुढची एकच ओळ लिहा. ‘तिसऱ्या रकान्यातली बेरीज तपासायची’ असं काहीतरी. परत आल्यावर कुठून सुरू करायचं हे समोर असलं की लगेच पुन्हा उठावंसं वाटत नाही. माझ्या कागदावर ‘काम’ खुणेच्या फेऱ्या जोडीने यायच्या, एक झाली की वीस मिनिटांत दुसरी, त्या अशाने तुटल्या.

अमेरिकेतल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. दुपारी तीनला सुरू होऊन रात्री साडेबारा-एकला संपणाऱ्या शिफ्टमध्ये मधली वेळ रात्री अकराला येते, आणि तेव्हा घर झोपलेलं असतं, स्वयंपाकघर आपलंच. त्यांनी जेवण आठला करावं, आणि अकराचं खाणं ठरवून, वाढून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावं: वाटीभर दहीभात, किंवा दूध आणि एक फळ. ‘काही लागलं तर बघू’ म्हटलं की रात्री बाराला नूडल्सचं पाकीट उघडतं. आणि रात्री दहानंतर चहा-कॉफी नको. एकला लॅपटॉप मिटून तीनपर्यंत जागे राहिलात, तर त्या दोन तासांत जे खाल्लं जातं ते कुठल्याच कागदावर येत नाही.

बिघडतं तेव्हा

चौथ्या-पाचव्या दिवशी एक गंमत होते. दिवसभर कागद कोरा राहतो आणि रात्री साडेदहाला आपण फ्रिजसमोर उभे असतो. असं आठवड्यातून दोनदा झालं तर समजा की दिवसाचं खाणं कमी पडतंय. साडेचारची ताटली वाढवा, डबे आणखी वर ठेवू नका. उलट, रात्रीच्या जेवणाच्या वेळी चांगली भूक लागू लागली तर घडी बसली. आधी मला आठ वाजता कधी भूकच नसायची, नुसतं वेळ झाली म्हणून जेवत होते.

सण आले की सगळं मोडतं, मोडू द्या. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत मी कागद काढून ठेवते. फक्त ताटली तेव्हाही घेते, कारण चकल्या डब्यातून मोजता येत नाहीत.

काही जणांनी मात्र हे असंच्या असं करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल, किंवा ज्या गोळ्यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते अशा गोळ्या चालू असतील, तर मधलं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका. घाम फुटणं, हात थरथरणं, धडधड होणं अशी लक्षणं दिसली आणि साखर ७० च्या खाली असेल, तर तेव्हा गार पोळीची परीक्षा घ्यायची नसते. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. गरोदर बायकांना आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना थोडं थोडं अनेकदा खायला सांगितलेलं असतं, त्यांचा हिशेब वेगळा. आणि कोणी लपून, भराभर, पोट दुखेपर्यंत खात असेल आणि मग स्वतःचाच राग येत असेल, तर तो डब्यांच्या जागेचा प्रश्न नाही. त्यासाठी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलायला हवं.

चार आठवड्यांनी मी पुन्हा तीन दिवस कागद भरला. अकराच्या जागी पाच फेऱ्या होत्या, त्यांतल्या दोन चहाच्या, एक जेवणाची आणि एक साडेचारची. पाचवी गुरुवारी, कॉलनंतर, उभ्याने, शेंगदाणे. अर्धा किलोच्या पाकिटाचं काय झालं ते नवऱ्याकडून कळलं. त्याने तिसऱ्या आठवड्यात स्टूल ओढून डबा काढला, एक घास घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, “अगं, हे सादळलंय.” आता आम्ही पाव किलोच आणतो.